लाँचचे मुद्दे लिहून झाले, आता आठवड्यांचा तक्ता कसा करू? (चकली भाजणी, घटस्थापनेला विक्री)

वर्षा_वाई

आमचा चौघींचा बचत गट आहे. यंदा पाकीटबंद चकली भाजणी आणि थालीपीठ भाजणी विकायला काढतोय. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे, त्या दिवशी विक्री सुरू करायची, म्हणजे दिवाळीच्या फराळाआधी चार आठवडे हाताशी मिळतात. पहिली खेप ६० किलोची, अर्ध्या किलोची १२० पाकिटं. बैठकीत फळ्यावर हे मुद्दे लिहिले:

- पदार्थ फायनल करणे
- फूड लायसन्स
- पॅकिंग व लेबल
- किंमत ठरवणे
- धान्य खरेदी
- उत्पादन
- मार्केटिंग (व्हॉट्सअ‍ॅप, दुकानं, स्टॉल)
- घटस्थापनेला विक्री सुरू

प्रशिक्षणात सांगितलं होतं की याचा तक्ता करा: काम, जबाबदार व्यक्ती, सुरुवातीचा आठवडा, शेवटचा आठवडा. २७ जुलैचा सोमवार धरून पहिला आठवडा मोजला तर घटस्थापना अकराव्या आठवड्याच्या रविवारी येते. आठ मुद्द्यांच्या आठ ओळी केल्या आणि त्या अकरा आठवड्यांत वाटून टाकल्या. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात सात ठिकाणी 'सगळ्या' असंच लिहिलंय. तक्ता दिसतो छान, पण उद्या सकाळी उठून नेमकं कोणी काय करायचं हे त्यावरून मलाच कळत नाही. माझं काय चुकतंय?

कोकणकडा

अभिनंदन! स्टॉलसाठी माझा सल्ला असा की चकलीचा वास आला पाहिजे. तिथेच कढई लावा, गरम चकली हातावर द्या, पाकिटं आपोआप जातात. आणि उद्घाटनाला गावातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना बोलवा.

वर्षा_वाई

स्टॉलचं लक्षात ठेवते, धन्यवाद. पण सध्या अडलंय ते तक्त्यापाशी. स्टॉलपर्यंत पाकिटं पोचतील की नाही याचीच काळजी आहे.

श्रीरंग_ठाणे

सोपं आहे. शेवटून मागे या. ११ ऑक्टोबर पक्का, तिथून उलट मोजत जा. प्रत्येक कामाला दोन आठवडे द्या आणि शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेवा. काही लांबलं तर त्या दोन आठवड्यांत सामावून जातं. ऑफिसात आम्ही असंच करतो.

नियोजन_चाकण

श्रीरंग, शेवटून मागे यायचं हे बरोबर आहे. पण सगळ्यांना सारखे दोन आठवडे दिले तर इथे घात होईल. मी सतरा वर्षं कारखान्यात उत्पादन नियोजनात आहे. वर्षाताईंचा एकच मुद्दा उलगडून दाखवतो, 'पॅकिंग व लेबल'. बाकीचे त्याच पद्धतीने उलगडतील.

लेबलवर काय काय छापावं लागतं ते बघा. पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी, मग उतरत्या क्रमाने), पोषणमूल्यं, निव्वळ वजन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, कमाल किरकोळ किंमत, बॅच, उत्पादनाची तारीख, किती काळात वापरायचं ती मुदत.

आता यातली एकेक गोष्ट कुठून येते ते विचारा. घटकांचा क्रम प्रमाण ठरल्याशिवाय येत नाही. पोषणमूल्यं प्रयोगशाळेतून येतात आणि प्रयोगशाळेला द्यायचा नमुना अंतिम प्रमाणाचाच हवा. नमुना दिल्यावर तुमच्यापैकी कोणाला वाटलं की उडीद थोडा वाढवू, तर तो अहवाल तुमच्या भाजणीचा राहत नाही. चौदा अंकी क्रमांक अर्ज मंजूर झाल्यावर मिळतो. म्हणजे फळ्यावर तिसरा असलेला मुद्दा पहिल्या दोन मुद्द्यांच्या पोटातल्या चार कामांवर अडलेला आहे. फळ्यावर हे दिसत नाही, कारण तिथे सगळे मुद्दे एका रांगेत, एकाच मापाचे असतात.

म्हणून तक्ता भरायच्या आधी प्रत्येक मुद्द्याला विचारा: हे झालं म्हणजे हातात नेमकी कोणती वस्तू येईल? 'प्रमाण लिहिलेला कागद', 'नमुना दिल्याची पावती', 'छापलेली लेबलं' अशी वस्तू सांगता आली तर ती एक ओळ. दोन वस्तू निघाल्या तर दोन ओळी. 'मार्केटिंग'ला अशी वस्तू सांगताच येत नाही, म्हणजे ते काम नाही, कामांच्या गठ्ठ्याचं नाव आहे.

वर्षा_वाई

हे वाचून पोटात गोळाच आला. म्हणजे लेबलाला किंमतसुद्धा आधी हवी? किंमत तर धान्य घेतल्याशिवाय कळणार नाही आणि धान्य आम्ही सप्टेंबरशिवाय घेणार नाही.

नियोजन_चाकण

ती गाठ सोडवता येते. किंमत, बॅच, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत या चार गोष्टींसाठी लेबलवर कोरा चौकोन ठेवा आणि पॅकिंगच्या वेळी शिक्का मारा किंवा छोटा छापील स्टिकर लावा. कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावर किंमत आणि तारीख वेगळ्या शाईत दिसते ना, ते यासाठीच. म्हणजे छपाई किंमतीसाठी अडत नाही. वजन मात्र आधीच ठरवावं लागेल.

तक्ता करण्याचा खरा फायदा इथे होतो. कोणती ओळ कोणत्या ओळीवर अडली आहे ते दिसलं की ती अडचण सोडवता येईल का हेही सुचतं.

दापोली_होमस्टे

आमचंही असंच झालं होतं, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत होमस्टे सुरू करायचा होता. आमच्या यादीत एक मुद्दा होता, 'फोटो काढून बुकिंगच्या साइटवर टाकणे'. आम्हाला वाटलं एक दिवसाचं काम. पण फोटोच्या आधी भिंती रंगवायला हव्यात, आणि कोकणात सप्टेंबरपर्यंत भिंत वाळत नाही. रंगारी दोनदा येऊन परत गेला. फोटो ऑक्टोबरच्या शेवटी निघाले आणि दिवाळीचं एकही बुकिंग आलं नाही. कागदावर फोटोंपुढे माझ्या मुलाचं नाव होतं, रंगापुढे कोणाचंच नव्हतं, कारण रंग यादीत नव्हताच. त्या पोराने महिनाभर सगळ्यांची बोलणी खाल्ली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

माई_मिरज

वर्षा, मी पंचवीस वर्षं भाजणी विकते, म्हणून दोन गोष्टी सांगते. भाजणीचे तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे असतात. दमट हवेत पंख्याखाली दोन दिवस, कधी तिसराही दिवस लागतो. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तरच वाळला असं समज. आत ओल राहिली तर भाजताना कळत नाही, दळून आल्यावर पीठ गोळे धरतं आणि महिन्याभरात कुबट वास येतो. तेव्हा 'उत्पादन' ही एक ओळ नाही. धुणं-वाळवणं वेगळं, भाजणं वेगळं, गिरणी वेगळी.

आणि भाजायला किती वेळ लागेल याचा अंदाज तोंडी करू नका. एक किलोचा घाणा घड्याळ लावून भाजून बघा. माझ्या लोखंडी कढईत मंद आचेवर किलोला वीस मिनिटं जातात. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं.

नियोजन_चाकण

माईंनी फार मोलाचं सांगितलं. ६० किलोला ६० घाणे, वीस मिनिटांचा एक, म्हणजे वीस तास. दोन शेगड्यांवर दहा तास. रोज दुपारी तीन तास बसलात तर चार दिवस लागतील. आता 'भाजणे: एक आठवडा' असं लिहिलंत तर त्या आकड्याला आधार आहे.

श्रीरंग यांच्या शेवटच्या दोन मोकळ्या आठवड्यांचं सांगायचं राहिलं. या कामांच्या दोन जाती आहेत. नोंदणी, प्रमाण, अहवाल, लेबल ही जितकी लवकर होतील तितकी बरी, आधी झाली म्हणून बिघडत नाहीत. धान्य भाजणं, दळणं मात्र जितकं उशिरा तितकं बरं, कारण दळल्या दिवसापासून वापराची मुदत चालू होते. दिवाळी तुमच्या मोजणीत पंधराव्या आठवड्यात आहे. मोकळा वेळ शेवटी राहावा म्हणून सातव्या आठवड्यातच दळून ठेवलंत, तर फराळ करणाऱ्या बाईच्या हातात दोन महिन्यांचं पीठ पडेल. मोकळा वेळ हवाच, पण तो लेबल छापून येण्यात आणि पहिला घाणा टाकण्यात, त्या मधल्या जागेत ठेवा.

श्रीरंग_ठाणे

हे पटलं. आमच्याकडे सॉफ्टवेअर असतं, ते आधी तयार झालं तरी शिळं होत नाही. हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.

सांगली_सीए

वापराची मुदत कोण ठरवणार? अकरा आठवड्यांत 'तीन महिने टिकते' हे कसं सिद्ध करणार? सगळे लेबलबद्दल बोलताय, पण हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये.

माई_मिरज

पाकिटं बाजूला ठेवून. प्रमाण ठरलं की त्याच आठवड्यात दहा-बारा पाकिटं विकायच्या पाऊचमध्येच भरायची, तारीख लिहून स्वयंपाकघरातल्या साध्या फडताळात ठेवायची. दर आठवड्याला एक उघडून वास घ्यायचा, चव घ्यायची, चकली पाडून बघायची, पीठ किडलंय का ते चाळून बघायचं.

नियोजन_चाकण

आणि ही ओळ तक्त्यात लिहायलाच हवी. तिला रोजचा वेळ लागत नाही म्हणून ती यादीत कधीच येत नाही. पण बाकी कुठलंही काम माणसं वाढवून उरकता येईल, हे नाही. तिसऱ्या आठवड्यात पाकिटं ठेवलीत तर विक्रीच्या दिवशी आठ आठवड्यांचा अनुभव हाती असेल. सहाव्यात ठेवलीत तर पाचच आठवड्यांचा. म्हणजे या एका ओळीचा सुरुवातीचा आठवडा तुमच्या शिक्क्यावरची मुदत ठरवतो. दोन महिने इतकाच आधार असेल तर दोनच महिन्यांचा शिक्का मारा. ही ओळ विक्रीनंतरही चालू राहील, पंधराव्या आठवड्यापर्यंत नक्कीच. सगळ्या ओळी अकराव्या आठवड्यात संपल्याच पाहिजेत असं नाही.

सांगली_सीए

घरी वास घेणं म्हणजे चाचणी नव्हे. ओलावा आणि सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतच तपासायला हवेत. नमुना देताना तेही विचारून घ्या, खर्च किंमतीत धरा.

वर्षा_वाई

प्रयोगशाळेत फोन केला होता. पोषणमूल्यांच्या अहवालाला दहा दिवस लागतील म्हणाले. ओलाव्याचं उद्या विचारते.

आता 'सगळ्या' या शब्दाचं काय करू? एकीचं नाव लिहिलं तर बाकीच्या म्हणतात, 'मग आम्ही काय नुसतं बघायचं का?' आणि जिचं नाव लिहितो ती म्हणते, 'सगळं माझ्याच गळ्यात का?'

नियोजन_चाकण

एका ओळीला एकच नाव. काम कितीही जणी करू देत, 'ते झालं का' असा फोन जिला जाईल तिचं नाव लिहायचं. चार नावं असली की प्रत्येकीला वाटतं दुसरीने केलं असेल.

गटसमन्वयक_नंदुरबार

मी बावीस गटांबरोबर काम करते आणि मला हे पूर्ण पटत नाही. कारखान्यात एक नाव चालतं, कारण तिथे त्याचा पगार असतो. गटात कोणी कोणाची साहेब नसते. एकच नाव लिहिलं आणि काम फसलं की ती बाई गट सोडून जाते, हे मी पाहिलंय. मी दोन रकाने ठेवते, 'जबाबदार' आणि 'सोबत'. फोन दोघींना जातो.

नियोजन_चाकण

'सोबत' रकाना जरूर ठेवा. पण दोघींना फोन गेला तर परत तोच घोळ होईल असं मला वाटतं.

गटसमन्वयक_नंदुरबार

माझ्या गटांत झालेला नाही. वर्षाताई, तुमच्या चौघींचं आपसांत कसं आहे ते तुम्हालाच माहीत, त्याप्रमाणे ठरवा.

वर्षा_वाई

दोन दिवस बसून नवा तक्ता केला. 'सोबत'चा रकाना कागदावर आहे, इथे जागेसाठी गाळलाय.

| काम (हातात काय येईल) | जबाबदार | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|
| दोन्ही भाजण्यांचं वजनी प्रमाण, सहीचा कागद | रेखा | १ | २ |
| नोंदणीचा अर्ज भरल्याची पावती | वर्षा | १ | १ |
| चौदा अंकी क्रमांक येईपर्यंत पाठपुरावा | वर्षा | २ | ५ |
| पाऊचचे नमुने, एक पसंत | मंगल | १ | २ |
| प्रयोगशाळेत नमुना दिल्याची पावती | सुनंदा | ३ | ३ |
| अहवाल हातात | सुनंदा | ४ | ५ |
| बाजूला ठेवलेली पाकिटं, दर आठवड्याची नोंद | रेखा | ३ | १५ |
| लेबलचा मजकूर, क्रमांक व अहवालाची जागा मोकळी | वर्षा | ३ | ५ |
| मजकूर तपासून छपाईला | वर्षा | ६ | ६ |
| छापलेली लेबलं घरात | मंगल | ७ | ७ |
| किंमतीचा हिशेब | सुनंदा | ४ | ६ |
| सहा दुकानांत नमुना व भाव देणे | सुनंदा | ७ | ७ |
| धान्य, डाळी, धणे-जिरे घरात | मंगल | ९ | ९ |
| धुऊन वाळवलेलं धान्य | रेखा | १० | १० |
| भाजणे, दळणे | रेखा | १० | ११ |
| भरणे, शिक्के, १२० पाकिटं | मंगल | ११ | ११ |
| व्हॉट्सअ‍ॅपवरची मागणीची यादी | वर्षा | १० | ११ |

आठव्या आठवड्यात, १४ सप्टेंबरला गणपती. तेव्हा कोणाच्याच नावाने नवीन काम सुरू होत नाही, फक्त पाकिटांची नोंद चालू. नवव्यात शुक्रवारी अनंत चतुर्दशी, म्हणून तिथे फक्त खरेदी. पाऊचची निवड मी आधी चौथ्या आठवड्यात टाकली होती, पण माईंनी विकायच्याच पाऊचमध्ये पाकिटं ठेवायला सांगितलं म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणली.

श्रीरंग_ठाणे

फार छान झालंय. हा तक्ता शीटमध्ये टाकलात तर पट्ट्या आपोआप रंगवता येतात. A मध्ये काम, B मध्ये जबाबदार, C सुरुवात, D शेवट. F1 पासून T1 पर्यंत १ ते १५ हे आठवडे लिहा. F2:T18 निवडून सशर्त रंगाच्या नियमात हे सूत्र टाका:

```
=AND(F$1>=$C2, F$1<=$D2)
```

आठवडे मोजताना D मधून C वजा केलात तर एक कमी येतो. तिसऱ्यात सुरू होऊन तिसऱ्यातच संपलेलं काम शून्य आठवड्यांचं दिसतं. `=D2-C2+1` असं लिहा.

नियोजन_चाकण

श्रीरंग यांच्या रंगांखाली अजून एक ओळ ठेवा, प्रत्येकीच्या हातात त्या आठवड्यात किती कामं आहेत याची. मंगलसाठी F20 मध्ये हे लिहा आणि उजवीकडे ओढा:

```
=COUNTIFS($B$2:$B$18,"मंगल",$C$2:$C$18,"<="&F$1,$D$2:$D$18,">="&F$1)
```

नाव सगळीकडे एकसारखं लिहा. एका ओळीत 'मंगल' आणि दुसरीत 'मंगलताई' असेल तर ती ओळ मोजणीतून गळते आणि बाई मोकळी दिसते.

तुमच्या तक्त्यावर हे मोजलं तर रेखाताईंवर दहाव्या आठवड्यात तीन कामं येतात: नोंद, वाळवण आणि भाजणं. मंगलताईंकडे त्याच आठवड्यात एकही नाही. शिवाय वाळवण आणि भाजणं एकाच आठवड्यात सुरू धरलंय. माईंचे तीन दिवस धरले तर गुरुवारी पहिला घाणा टाकता येईल. पण पाऊस आला तर सरळ अकराव्यात जाल, आणि तिथे चार दिवस भाजण्याचे, मग गिरणी, मग भरणं. रविवार हुकू शकतो. मधली मोकळी जागा तुम्ही नवव्या आठवड्याआधी छान ठेवली आहे, पण गरज इथे आहे.

माई_मिरज

आणि गिरणीवाल्याशी आजच बोलून ठेव. भाजणी दळायच्या आधी गिरणी साफ करून घ्यावी लागते, नाहीतर आधीचं गव्हाचं पीठ तुमच्या भाजणीत येतं. तो सकाळची पहिली पाळी देतो का विचार. ही पण एक ओळ आहे गं, 'गिरणीची वेळ ठरली'.

वर्षा_वाई

गिरणीची ओळ सहाव्या आठवड्यात घातली, मंगलच्या नावावर. वाळवणही मंगलकडे दिलं, ती तयार आहे.

वाळवण नवव्या आठवड्यात घ्यायचं म्हटलं, म्हणजे खरेदी सातव्यात येते. मंगल म्हणते गणपतीच्या तोंडावर डाळी महाग मिळतील आणि घरात पंधरा दिवस साठ किलो धान्य ठेवायला जागा नाही. वाळवण नवव्यात नेलं नाही तर पहिली कढई दहाव्या आठवड्यात, म्हणजे पितृपक्षात चढते. रेखाच्या सासूबाईंचा त्याला ठाम नकार आहे. नव्या धंद्याचा पहिला घाणा पितरांच्या पंधरवड्यात नको, आणि रेखाला त्यांचं मन मोडायचं नाही. मलाही तिला भरीस घालायचं नाही.

गटसमन्वयक_नंदुरबार

एक किलोचा पहिला घाणा अनंत चतुर्दशीच्या आत टाका, पूजा करून, सासूबाईंच्या हातून. मग पुढचं काम चालू धंद्याचं होतं. आमच्याकडे दोन गटांनी असंच केलं.

माई_मिरज

सासूबाईंना विचारून कर. त्यांना पटलं तरच.

वर्षा_वाई

शनिवारी रेखाकडे बैठक आहे, तक्ता तिथेच नेते. 'पहिला घाणा, एक किलो' अशी ओळ नवव्या आठवड्यात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. जबाबदार रकाना सध्या कोरा आहे.